शेतीच्या मजकुरासाठी लेखनसंहिता: शुद्धलेखन, अंक आणि इंग्रजी शब्द यांचं तुम्ही काय ठरवलंत?

पानमळा

आम्ही सहा जण मिळून शेतकऱ्यांसाठी एक मासिक पत्रिका काढतो आणि फोनवर जाणारे छोटे पीकसल्ले लिहितो. दोघे पुण्याचे, एक अकोल्याची, एक कोल्हापूरचा, एक नाशिकजवळचा, आणि संपादन माझ्याकडे. शेतीशास्त्राच्या बाजूनं मजकूर तपासायला कृषी पदवीधर आहेत, त्यामुळे ती काळजी नाही. वाद होतात ते लिहिण्यावरून. एकाच अंकात ‘किटकनाशक’ आणि ‘कीटकनाशक’, ‘लीटर’ आणि ‘लि.’, ‘ड्रिप’ आणि ‘ठिबक’, आणि अंक तर काही पानांवर देवनागरी, काही पानांवर इंग्रजी.

माझ्या हातात आलेला एक खरा परिच्छेद जसाच्या तसा देते:

> ५% निंबोळी अर्कासाठी पाच किलो निंबोळीचा भरडा 10 लीटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी गाळून त्यात 90 लि. पाणी टाका व १५ ली. च्या पंपाने स्प्रे करा. किडीचा प्रार्दूभाव जास्त असल्यास ७-८ दिवसानी परत स्प्रे.

‘प्रादुर्भाव’ची चूक कोणीही दुरुस्त करेल. बाकीचं मात्र प्रत्येक जण वेगळं दुरुस्त करतो आणि प्रत्येकाकडे कारण असतं. म्हणून लेखनसंहिता लिहायला घेतली आहे. तीन प्रश्न आहेत. एक, शुद्धलेखनाचे शासनमान्य नियम असताना आपली वेगळी यादी कशासाठी, आणि असली तर तिचं रूप कसं असावं? दोन, अंक कोणते वापरावे? तीन, खतं-औषधांच्या बाबतीत मराठी शब्द घ्यावा की दुकानात चालणारा? ज्यांनी असं काम प्रत्यक्ष केलं आहे त्यांनी लिहावं.

निखळ मराठी

पहिला प्रश्न पडायलाच नको. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली शासनानं मान्य केले तेव्हा ते १४ होते, १९७२ मध्ये ४ वाढले. असे एकूण १८. ते लावले की वाद संपतो. ‘कीड’ दीर्घ, पण ‘किडीचा’ ऱ्हस्व. ‘पीक’ दीर्घ, ‘पिकाला’ ऱ्हस्व. तोच नियम इंग्रजी शब्दांनाही लावा: ‘पाईप’, पण ‘पाइपाला’, ‘फाईल’, पण ‘फाइलीत’. शेवटच्या अकारान्त अक्षराआधीचा इकार-उकार दीर्घ, एवढं पाठ असलं की बास. आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: शासनाच्या परिभाषा कोशात शब्द आहे, तो घ्यावा. इंग्रजी शब्द घेण्याची गरजच नाही.

खिळेजुळणी

मी आयुष्यभर मुद्रितशोधनाचं काम केलं, त्यातली बरीच वर्षं अशाच नियतकालिकांसाठी. ‘निखळ मराठी’ यांनी कीड-किडीचा, पीक-पिकाला हे अगदी बरोबर सांगितलं आहे. पण ‘एवढं पाठ असलं की बास’ इथं मात्र अडचण आहे.

‘कीड’ आणि ‘कीटक’ शेजारी ठेवून बघा. ‘कीड’ मराठी शब्द, म्हणून ‘किडीचा’, ‘किडींना’. ‘कीटक’ संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून ‘कीटकांचा’, ‘कीटकनाशक’, सगळीकडे दीर्घच. एकाच वाक्यात ‘किडीचा बंदोबस्त कीटकनाशकाने’ असं लिहायचं असतं, आणि दोन्ही शब्द एका कुळातले वाटत असल्यामुळे लिहिणारा एकाचा इकार दुसऱ्याला लावतो. ‘किटकनाशक’ एवढं सर्रास का दिसतं, त्याचं मला तरी हेच कारण दिसतं. नियम माहीत असूनही शब्द कुठून आला हे प्रत्येक वेळी आठवत नाही. म्हणून यादी हवी.

दुसरं उदाहरण ‘कृषी’. सुटा लिहिला तर दीर्घ, समासात जोडून आला तर ऱ्हस्व: ‘कृषी’, पण ‘कृषिमंत्री’. तसंच ‘सूत्रकृमी’, पण ‘सूत्रकृमिनाशक’. आता ‘महात्मा फुले कृषी विद्यापीठ’ हे नाव दोन शब्द सुटे ठेवून लिहिलं जातं, म्हणून तिथं दीर्घ. कोणी ‘कृषिविद्यापीठ’ जोडून लिहिलं तर तेही नियमाला धरून आहे, पण संस्था आपलं नाव जसं लिहिते तसंच आपण छापायचं. हा निर्णय १८ नियमांत नाही, तो संहितेनं घ्यायचा असतो.

आणि इंग्रजी शब्दांबद्दल. अकारान्तापूर्वी दीर्घ हा नियम सरसकट लावला तर ‘ऑफीस’, ‘पेन्सील’ लिहावं लागेल. तसं कोणी लिहीत नाही. ‘तिकीट’ मात्र सगळे दीर्घ लिहितात आणि ‘तिकिटाला’ ऱ्हस्व करतात. म्हणजे काही शब्द मराठीत पूर्ण मुरले आणि नियमाखाली आले, काही उच्चारावर राहिले. ‘पाइप-पाईप’, ‘मोबाइल-मोबाईल’, ‘ऑनलाइन-ऑनलाईन’ हे मधले. यांत दोन्ही बाजूंना चांगली वर्तमानपत्रं सापडतील. मला स्वतःला ‘पाइप’ बरा वाटतो, कारण ‘पाइपाला’, ‘पाइपलाइन’ कुठंही रूप बदलावं लागत नाही. पण ‘पाईप’ ठरवलंत तरी माझी हरकत नाही. हरकत आहे ती दर अंकात पुन्हा वाद घालायला.

यादीचं रूप विचारलंत. ती अकारविल्हे असावी, विषयवार नको. लेखक घाईत असतो, त्याला ‘ऱ्हस्व-दीर्घ’ या प्रकरणात जाऊन शोधायला वेळ नसतो. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी असाव्या: ठरलेलं रूप, प्रत्यय लागल्यावरचं रूप, आणि न वापरायची रूपं. प्रत्यय लागलेलं रूप बहुतेक याद्यांत नसतं आणि निम्म्या चुका तिथंच होतात. नमुना:

> कीड: किडीचा, किडींना. (किड, कीडीचा नको)
> कीटकनाशक: कीटकनाशकाची. (किटकनाशक नको)
> पीक: पिकाला, पिके. समासात पीककर्ज, पीकविमा. (पिककर्ज नको)
> लिटर: लिटरमध्ये, लिटरच्या. (लीटर, लि., ली. नको)

यादीत नसलेल्या शब्दासाठी एकच कोश ठरवा. आम्ही अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ टेबलावर ठेवत असू, कारण त्यात नुसता शब्द न देता त्याची सामान्यरूपंही दिलेली आहेत. क्रम असा: आधी आपली यादी, मग कोश, मग नियम. आणि तिथंही उत्तर मिळालं नाही तर संपादक ठरवेल ते, तारीख घालून यादीत.

निखळ मराठी

काका, ‘ऑफिस’चं मान्य. पण मग ‘मुरलेला शब्द’ ठरवणार कोण? तुम्ही की मी?

खिळेजुळणी

संपादक ठरवेल. तिथं मतदान घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सहा लेखकांनी मतदान केलं की तीन-तीन मतं पडतात आणि शब्द तसाच लोंबकळत राहतो. शंका वर्षभर कधीही नोंदवता यावी, निर्णय मात्र महिन्यातून एकदा, आणि एकदा झालेला निर्णय निदान वर्षभर उघडू नये.

सांगेकर

आमच्या गावच्या वाचनालयाची स्मरणिका काढताना हेच झालं. गोव्यात मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीतून लिहितात, आमचे निम्मे लेखक दोन्हींत लिहिणारे. फोनवर मजकूर लिहिताना कळफलक कोकणीतली सवयीची रूपं मराठीत घुसवतो आणि लेखकाच्या लक्षातही येत नाही. शेवटी आम्ही ठरवलं की लेखकानं त्याला येतं तसं लिहावं, यादी फक्त शेवटी तपासणाऱ्या माणसानं लावावी. लेखकांना यादी दिली तर ते लिहायचेच थांबतात, असा आमचा अनुभव. तारखा कशा लिहाव्यात यावर कोणाचं काही ठरलं आहे का? आमच्याकडे ‘दि. ५/६’ म्हणजे पाच जून की सहा मे असा घोळ परदेशातल्या देणगीदारांमुळे झाला.

पानमळा

तारखेत महिना अक्षरी लिहायचा हे आम्ही आधीच ठरवलंय: ५ जून. त्यानं प्रश्न सुटतो. लेखकांना यादी न देण्याचं मात्र पटत नाही. आमच्याकडे फोनवरचा सल्ला लिहिल्यापासून दोन तासांत जातो, शेवटी तपासायला वेगळा माणूस नसतो.

वैदर्भी

ताई, मी कृषी विभागात काम करते, अकोल्याकडचीच आहे, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर बोलते. ‘कोशातला शब्द घ्या’ आणि ‘दुकानातला शब्द घ्या’ ही दोन्ही उत्तरं खतांच्या बाबतीत धोक्याची आहेत.

शिफारस येते ती अशी: हेक्टरी इतकं नत्र, इतकं स्फुरद, इतकं पालाश. हे शब्द शेतकऱ्याला परके नाहीत, कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत आणि मातीपरीक्षणाच्या अहवालात तो वर्षानुवर्षं वाचतो. पण दुकानात स्फुरदाचं पोतं मिळत नाही. तिथं मिळतं सिंगल सुपर फॉस्फेट, डीएपी, १०:२६:२६. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींची दोन वेगळी नावं आहेत. स्फुरद हे अन्नद्रव्य, सुपर फॉस्फेट हे खत.

आता एखाद्या लेखकाला वाटतं की ‘स्फुरद’ जड शब्द आहे, त्याऐवजी सोपा ‘फॉस्फेट’ लिहू. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका मसुद्यात मूळ शिफारस होती ‘हेक्टरी ५० किलो स्फुरद’. ती झाली ‘हेक्टरी ५० किलो फॉस्फेट’. दुकानदार आणि शेतकरी दोघंही ‘फॉस्फेट’ म्हणजे सुपर फॉस्फेट समजतात. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के. म्हणजे ५० किलोचं एक पोतं टाकलं तर पिकाला मिळतं ८ किलो स्फुरद. पाहिजे होतं ५०, आणि त्यासाठी सुपर फॉस्फेट लागतं ३१२ किलोच्या वर, म्हणजे सहा पोती आणि वर थोडं. एक शब्द बदलल्यामुळे मात्रा सहाव्या भागावर आली. व्याकरणात, शुद्धलेखनात कुठंच चूक नव्हती, म्हणून मुद्रितशोधनात ते कधीच सापडलं नसतं.

म्हणून आमच्याकडे संहितेत एकच ओळ आहे: अन्नद्रव्याचं नाव मराठी, विकत मिळणाऱ्या वस्तूचं नाव पोत्यावर असेल ते. पालाश हे अन्नद्रव्य, पोटॅश हे पोतं. नत्र हे अन्नद्रव्य, युरिया हे पोतं. आणि शिफारस अन्नद्रव्यात असेल तर शेजारी पोत्यांचा हिशोब द्यायचा.

हेच ‘आच्छादन’ आणि ‘मल्चिंग’ला लागू. कोणी म्हणेल एक मराठी, एक इंग्रजी, मराठी ठेवा. पण पालापाचोळ्याचं, उसाच्या पाचटाचं करतात ते आच्छादन, आणि दुकानातून गुंडाळी आणून वाफ्यावर अंथरतात तो मल्चिंग पेपर. शेतकरी दोन्हींत फरक करतो, तर आपण का पुसायचा? ‘ड्रिप’ आणि ‘ठिबक’ मात्र एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, आणि ठिबक सगळीकडे कळतं, म्हणून ठिबक. सामूचंही तसंच. मातीचा ‘पीएच’ आणि ‘सामू’ एकच. आम्ही ‘सामू’ ठेवला, कारण मातीपरीक्षणाच्या मराठी अहवालात तोच असतो.

निखळ मराठी

स्फुरदाचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. म्हणजे मराठी शब्द ठेवल्यानंच मात्रा वाचली असती, हे तरी मान्य करा.

वैदर्भी

हो, इथं वाचली असती. पण उलटही होतं. ‘म्युरेट ऑफ पोटॅश’चं कोणी ‘पालाश’ केलं तर उलट्या दिशेनं गडबड होते. भाषा कोणती हे बघण्याआधी वस्तू कोणती ते बघा, एवढंच म्हणणं आहे.

ताई, एक गोष्ट मात्र तुमच्या संहितेनं दडपू नये. आमच्याकडे उभ्या कपाशीला पऱ्हाटी म्हणतात. तुमच्या अकोल्याच्या लेखिकेनं विदर्भात जाणाऱ्या सल्ल्यात ‘पऱ्हाटी’ लिहिलं तर ते कापून ‘कपाशी’ करू नका.

खिळेजुळणी

इथं मी सहमत नाही. इतरत्र ‘पऱ्हाट्या’ म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं. ‘पऱ्हाटी उपटून टाका’ हे वाक्य उभ्या पिकाबद्दल आहे की हंगाम संपल्यानंतरच्या काड्यांबद्दल? तोच सल्ला पुढं दुसऱ्या जिल्ह्यात पाठवला गेला तर?

वैदर्भी

फोनवरचा सल्ला जिल्हावार जातो, काका. आणि पुढं पाठवला जाईल या भीतीनं आमचा शब्द आमच्याच शेतकऱ्यासाठी वापरायचा नाही, हे मला पटत नाही.

पानमळा

हा मुद्दा मी उघडा ठेवते. पत्रिकेत ‘कपाशी’ आणि जिल्हावार सल्ल्यात लेखिकेला मोकळीक, असा विचार आहे, पण काकांची शंका रास्त आहे. काड्यांसाठी सगळीकडे ‘कपाशीच्या वाळलेल्या काड्या’ असं स्पष्ट लिहिणं, एवढं तरी दोघांना चालावं.

अंकांवर कोणीच बोललं नाही अजून.

सातासमुद्रापार

मुलांना मराठी शिकवताना कोणती लेखनसंहिता वापरावी असा धागा आहे असं समजून वाचायला लागले. आमच्या इथल्या रविवारच्या मराठी शाळेत आम्ही सहा ते बारा वर्षांची मुलं शिकवतो. शेतीतलं मला कळत नाही, पण अंकांबद्दल सांगण्यासारखं आहे. आमची मुलं देवनागरी ‘४’ हमखास इंग्रजी 8 वाचतात, आणि ‘५’ला बऱ्याचदा 4 म्हणतात. बेरजेत उत्तर चुकलं की आधी आम्ही तेच बघतो. मोठ्यांचं असं होत नसेल कदाचित.

वैदर्भी

मोठ्यांचंही होतं, निदान तरुणांचं. इंग्रजी माध्यमात शिकलेली शेतकऱ्यांची मुलं आता वडिलांना सल्ला वाचून दाखवतात. ‘४ मिली’ची 8 मिली फवारणी होणं परवडणारं नाही.

निखळ मराठी

म्हणून मराठी मजकुरात इंग्रजी अंक? महाराष्ट्र शासनाचा मराठीतला कारभार देवनागरी अंकांत चालतो. संविधानातली आंतरराष्ट्रीय अंकांची तरतूद केंद्राच्या कामकाजासाठी आहे. आपण सोडून दिले तर पुढची पिढी वाचणारच नाही.

खिळेजुळणी

तरतुदीबद्दल तुमचं बरोबर आहे. पण ताईंचा प्रश्न फक्त कोणते अंक एवढाच नाही. अंक आणि अक्षर कुठं, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. वरच्या परिच्छेदात ‘पाच किलो’, ‘10 लीटर’, ‘१५ ली.’ अशा तीन तऱ्हा एकाच कृतीत आहेत. साधारण गद्यात दहापर्यंतचे आकडे अक्षरी लिहायची पद्धत चांगली दिसते: ‘तीन शेतकरी आले’, ‘पाच गावं’. पण कृतीत आणि मात्रेत ती पद्धत बाजूला ठेवावी. तिथं मोजमापासोबत येणारा प्रत्येक आकडा अंकीच. शेतकरी कृती दुसऱ्यांदा वाचतो तेव्हा तो वाक्य वाचत नाही, आकडे शोधतो.

मात्रेबद्दल आणखी थोडं. दशांशाआधी शून्य हवंच: ‘०.५ मिली’. नुसतं ‘.५’ लिहिलं तर टिंब छपाईत उडतं आणि ५ मिली उरतं, म्हणजे दहापट. गद्यात ‘दीड एकर’, ‘अडीच महिने’ सुंदर वाटतं आणि तसंच लिहावं, पण मात्रेत ‘१.५ मिली’. ‘७-८ दिवसांनी’ याऐवजी ‘७ ते ८ दिवसांनी’. छोट्या पडद्यावर आडवी रेघ कधी ओळीच्या शेवटी जाते, कधी दिसत नाही, आणि ‘७८’ उरतं.

एककाला प्रत्यय लागणार असेल तर संक्षेप नको. ‘१५ ली. च्या पंपाने’ हे वाचताना अडखळायला होतं, आणि ‘च्या’ सुटा पडतो. ‘१५ लिटरच्या पंपाने’. आम्ही तर ठरवलं होतं की ‘मिली’ सोडून कुठल्याच एककाचा संक्षेप करायचा नाही.

कळफलक

‘मिली’ आणि आकडा यांच्यामध्ये साधी मोकळी जागा न देता न तुटणारी जागा द्या (U+00A0), म्हणजे ‘५’ एका ओळीत आणि ‘मिली’ पुढच्या ओळीत असं होणार नाही. फोनवरच्या सल्ल्यात हे फार होतं.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, शेतीतलं कळत नाही, पण असे मजकूर शोधता येतील अशा पद्धतीनं साठवण्याचं काम करतो. वरच्या चर्चेत एक गोष्ट राहिली. यादी कितीही नीट केली तरी डोळ्याला सारखे दिसणारे शब्द आत वेगवेगळे असू शकतात. तुमचा सगळ्यात जास्त येणारा शब्दच घ्या: ‘शेतकऱ्यांना’. यातला ऱ्य एका कळफलकावर ऱ (U+0931) वापरून येतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारा एक जोडकारक (U+200D) असा येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण एकानं शोधलं तर दुसरा सापडत नाही.

‘ॲ’चं तेच. ‘ॲझोटोबॅक्टर’मधला ॲ एकतर स्वतंत्र अक्षर असतो (U+0972), नाहीतर अ वर चंद्र ठेवून केलेला. ‘बँक’ आणि ‘काँग्रेस गवत’ हेही दोन-दोन प्रकारे लिहिले जातात: चंद्रबिंदू एकच चिन्ह म्हणून, किंवा चंद्र आणि अनुस्वार वेगळे. कोणी सांगेल की युनिकोडचं प्रमाणीकरण चालवा, सगळं एक होईल. या चार ठिकाणी ते होत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ही रूपं समतुल्य नाहीत. आपणच बदलावी लागतात. पायथनमध्ये एवढं पुरतं:

```python
PAIRS = [
    ("\u0930\u094D\u200D", "\u0931\u094D"),  # ऱ्
    ("\u0905\u0945", "\u0972"),              # ॲ
    ("\u0945\u0902", "\u0901"),              # बँक
    ("\u0949\u0902", "\u093E\u0901"),        # काँग्रेस
]
for old, new in PAIRS:
    text = text.replace(old, new)
```

हे मजकूर साठवतानाही चालवा आणि शोधपेटीत लिहिलेल्या शब्दावरही चालवा. नुसत्या साठवणीवर चालवलं तर वाचकाच्या फोनवरचा कळफलक जुनं रूप देईल आणि त्याला काहीच सापडणार नाही.

पानमळा

हे आम्हाला अजिबात माहीत नव्हतं. आता आठवतंय, जुन्या सल्ल्यांत ‘काँग्रेस गवत’ शोधलं की मोजकेच निघतात. मग ‘शेतकर्यांना’ असं जे चुकीचं येतं, पूर्ण रफार असलेलं, तेही यानंच दुरुस्त होईल का?

कळफलक

नाही, आणि ते आंधळेपणानं बदलूही नका. ‘कार्यालय’, ‘सूर्यफूल’, ‘पर्याय’ यांत रफारच बरोबर आहे. सरसकट बदललं तर ‘सूर्यफूल’ बिघडेल. त्यासाठी शब्दांची छोटी यादी लागेल: शेतकरी, दरी, नोकरी, वारा यांची रूपं. यंत्रानं फक्त खूण करावी, दुरुस्ती माणसानं.

अंकांबद्दल माझ्या बाजूनं: पायथनमध्ये `\d` देवनागरी अंकांनाही जुळतो आणि `int("१०")` सरळ १० देतो. जावास्क्रिप्टमध्ये `\d` फक्त इंग्रजी अंक ओळखतो. त्यामुळे वेबपानावर मात्रा मोजणारा छोटा हिशोबक बसवणार असाल तर आधी अंक बदलून घ्या. आणि फोन नंबर, पिनकोड, वेबपत्ता हे इंग्रजी अंकांतच ठेवा, ते वाचायला नसतात, दाबायला असतात.

खिळेजुळणी

शेवटचं वाक्य मान्य. मला वाटतं त्यातूनच कसोटी निघते: जे वाचायचं ते देवनागरी, जे जसंच्या तसं जुळवायचं किंवा दाबायचं ते इंग्रजी.

वैदर्भी

मग १०:२६:२६ कशात बसतं? शेतकरी दुकानात ‘दहा सव्वीस सव्वीस’ म्हणतो, म्हणजे वाचतो. पण पोत्यावर 10:26:26 असं छापलेलं असतं आणि पोतं ओळखताना तो तेच जुळवून बघतो.

निखळ मराठी

देवनागरी. तोंडात मराठी आहे तर कागदावरही मराठी.

कळफलक

इंग्रजी. ती वस्तूची खूण आहे.

पानमळा

सगळ्यांचं ऐकून पहिला मसुदा असा करते आहे. यादी अकारविल्हे, प्रत्यय लागलेल्या रूपांसह. ‘पाइप’, ‘मोबाइल’, ‘ऑनलाइन’ ऱ्हस्व, काकांच्या कारणासाठी. अन्नद्रव्य मराठी, पोतं पोत्याच्या नावानं. मात्रेत सगळे आकडे देवनागरी अंकांत, दशांशाआधी शून्य, ‘ते’ वापरून पल्ला, आणि ‘४’च्या भीतीवर उपाय म्हणून फोनवरच्या सल्ल्यात मात्रा अंकी आणि अक्षरी दोन्ही: ‘४ (चार) मिली’. पत्रिकेत जागा कमी पडते, तिथं नुसता अंक. वरचा परिच्छेद आता असा होतो:

> ५ टक्के निंबोळी अर्कासाठी ५ किलो निंबोळीचा भरडा १० लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी गाळून घ्या आणि त्यात पाणी घालून एकूण द्रावण १०० लिटर करा. १५ लिटरच्या पंपाने फवारा. किडीचा प्रादुर्भाव जास्त असल्यास ७ ते ८ दिवसांनी पुन्हा फवारणी करा.

‘९० लिटर पाणी टाका’ हे मी ‘एकूण १०० लिटर करा’ केलं, कारण भरडा पाणी शोषून घेतो आणि गाळल्यावर १० लिटर परत मिळत नाही.

वैदर्भी

ते बरं केलंत. १०:२६:२६ चं मी या आठवड्यात आमच्या इथल्या दोन-तीन कृषी सेवा केंद्रांत विचारून इथंच लिहिते. बिलावर आणि फळ्यावर ते स्वतः कोणत्या अंकांत लिहितात ते बघते.

खिळेजुळणी

‘फवारा’ या शब्दाला यादीत नोंद घाला, ताई. आज्ञार्थी क्रियापद आणि पाण्याचा फवारा हे नाम, दोन्ही एकच दिसतात. ‘पंपाने फवारा’ इथं अर्थ कळतो, पण ‘सकाळी फवारा’ एवढंच शीर्षक झालं तर कळणार नाही. शीर्षकात ‘फवारणी करा’ असू द्या.